झटके येतात का?

पिरंगुटमध्ये पौड रस्त्याला लागून, हार्डवेअरच्या दुकानाच्या वर, डॉ. अमोघ केतकरांचा मनोविकारांचा दवाखाना होता. दोन हजार दहा साली त्या दवाखान्यात एक मशीन होतं, जे अख्ख्या मुळशी तालुक्यात दुसऱ्या कोणाकडे नव्हतं. तसं ते दुसऱ्या कोणाला हवंही नव्हतं.

मशीन म्हणजे दातांच्या डॉक्टरांकडे असते तशी खुर्ची, शेजारी चाकांवरचं कपाट, आणि कपाटातून निघालेल्या जाड केबलच्या टोकाला इंग्रजी आठाच्या आकाराची चपटी कॉइल. ही कॉइल डोक्याच्या डाव्या बाजूला, कपाळाच्या जरा वर टेकवायची. तिच्यातून चुंबकाचे ठोके कवटीच्या आत जातात आणि मेंदूचा सुस्तावलेला भाग जागा करतात. भूल नाही, सुई नाही, माणूस जागाच. गोळ्यांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी अमेरिकेत याला नुकतीच परवानगी मिळाली होती. डॉक्टरांनी नकाशा पाहून हिशेब केला होता: एका हाताला हिंजवडीचे आयटीवाले, दुसऱ्या हाताला कासार आंबोलीचे शनिवार-रविवार बंगलेवाले. दुःखाला तोटा नाही.

हिशेब बरोबर होता. तोटा वेळेचा होता. हे उपचार आठवड्यातून पाच दिवस, असे चार ते सहा आठवडे घ्यावे लागतात. आयटीवाल्यांना दुःखी व्हायला सवड होती, पण रोज पाऊण तास खुर्चीत बसायला नव्हती. एकाने तर शनिवारी एकदम पाच बैठका उरकता येतील का, असं विचारलं. त्यामुळे मशीनवर बहुतेक वेळ ज्ञानदाने विणलेलं कव्हर असे.

ज्ञानदा मानसशास्त्रात एम.ए. झालेली. दवाखान्यात ती मशीन चालवायची, रुग्णांना प्रश्न विचारायची, तारखा द्यायची आणि दुपारी खालच्या गाळ्यातल्या हार्डवेअरवाल्याचे फोनही घ्यायची. तिच्या समोर एका सकाळी पारूबाई येऊन बसली. खरं तर आणून बसवली गेली.

पारूबाई डोंगरावरच्या एका वाडीतली. वय पंचेचाळिशीचं, पण अंग असं आटलेलं की लुगडं खुंटीला अडकवल्यासारखं दिसे. एका बाजूला नवरा नथू, दुसऱ्या बाजूला सासू धोंडाबाई. दीड-दोन वर्षांपासून पारूबाई बोलत नव्हती, जेवत नव्हती, पहाटे उठून भिंतीकडे बघत बसायची. मागच्या पावसाळ्यात ती विहिरीच्या काठावर सापडली होती. काय करत होतीस विचारलं तर म्हणाली, "काय न्हाई. बघत व्हते." तेव्हापासून धोंडाबाई तिला एकटी सोडत नव्हती.

डॉक्टरांनी तिला गोळ्या सुरू केल्या होत्या. गुण आला नाही, म्हणून मशीनचा विचार निघाला. पण मशीनवर कोणालाही उचलून बसवता येत नाही. आधी दोन वेगवेगळी औषधं, पुरेशा मात्रेत, पुरेसे दिवस घेऊन झालेली हवीत, असा डॉक्टरांचा नियम होता.

"मावशींनी गोळ्या रोज घेतल्या ना?" ज्ञानदाने विचारलं.

"रोज," नथू म्हणाला.

"एकही दिवस चुकला नाही?"

"न्हाई. मंगळवार-शुक्रवार सोडून."

ज्ञानदाचं पेन थांबलं. "ते का सोडून?"

"उपास असतुया," धोंडाबाई म्हणाली. "गोळी खाल्ली तर मोडंल न्हवं का? आन् पुडक्यावर फळाचं चित्र बी न्हवतं."

म्हणजे पारूबाईने आठवड्यातले दोन दिवस औषध घेतलंच नव्हतं. औषध हरलं असं म्हणायचं तर त्याला आधी मैदानात तरी उतरवायला हवं होतं. डॉक्टर बाहेर आले, त्यांनी डोक्याला हात लावला आणि गोळी उपासाला चालते असं सांगितलं. धोंडाबाईने ते ऐकून घेतलं. मग तिने गोळी शेंगदाण्याच्या कुटात घालून द्यायला सुरुवात केली, त्यामुळे ती उपासाला चालू लागली. दोन औषधं अशी रीतसर झाली, उन्हाळा तोंडावर आला आणि पारूबाई होती तिथेच राहिली. आता ती नियमाप्रमाणे पात्र होती. दवाखान्यात कोणी पात्र ठरणं ही इतकी दुर्मिळ गोष्ट होती की ज्ञानदाने कव्हर धुवायला नेलं.

राहिली सुरक्षेची चौकशी. चुंबक आहे, म्हणून डोक्यात किंवा डोक्याजवळ धातू चालत नाही.

"मावशींच्या डोक्यात काही धातू आहे का? म्हणजे ऑपरेशन होऊन क्लिप, पत्रा, असं काही?"

"हिच्या डोक्यात काय असतं," धोंडाबाई म्हणाली, "तर तुमच्याकडं कशाला आलो असतो?"

"छातीत पेसमेकर? कानात मशीन? डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता?"

नथूने नाही म्हणून मान हलवली. मग जरा पुढे सरकून म्हणाला, "ताई, येक इचारू का? चुंबकानं लोखंड वडतं. मग हिच्यातले वाईट इचार लोखंडाचे असत्यात व्हय?"

ज्ञानदाने त्याला चुंबकाने मेंदूत अगदी बारीक वीज तयार होते वगैरे समजावलं. वीज हा शब्द ऐकताच पारूबाई पहिल्यांदा बोलली.

"शाक न्हाई घ्यायचा मला."

तिच्या मावशीला पूर्वी कुठल्याशा मोठ्या इस्पितळात शॉक दिले होते. मावशी बरी झाली होती, पण तिला बांधून नेलेलं पारूबाईच्या डोळ्यांपुढून गेलं नव्हतं.

"हा शॉक नाही, मावशी," ज्ञानदा म्हणाली. "शॉकमध्ये भूल देऊन मुद्दाम झटका आणतात. इथे झटका येऊ नये म्हणून तर एवढं विचारतेय. बरं, सांगा. तुम्हाला कधी झटके येतात का?"

"यायचे," नथू म्हणाला. "लई यायचे. आता दोन साल झाली, येकदा बी न्हाई."

"त्येच तर दुखणं हाय, बाई," धोंडाबाई म्हणाली आणि पदर डोळ्याला लावला.

ज्ञानदाने पेन खाली ठेवलं आणि डॉक्टरांना हाक मारली. ज्याला झटके येत असतील त्याला हे मशीन लावत नाहीत, कारण ठोक्यांनी फिट येऊ शकते. इथे नातेवाईक झटके बंद पडल्याची तक्रार घेऊन आले होते.

डॉक्टरांनी खुर्ची ओढली. "कसे यायचे झटके? जमिनीवर पडायच्या? तोंडाला फेस?"

"पडंल कशाला?" नथू दुखावला. "नाचायची."

"जीभ चावली जायची?"

"जिभेवर कापूर ठेवायची."

"शुद्ध असायची का?"

"शुद्ध तिची न्हाई. वाघजाईची."

मग उलगडा झाला. पारूबाईच्या अंगात यायचं. वाडीच्या देवीने ज्या माणसाला धरलं असतं त्याला तिकडे झाड म्हणतात, आणि पारूबाई हे वाघजाईचं झाड होतं. मंगळवारी-शुक्रवारी संबळ वाजला की देवी यायची, कोणाची म्हैस कुठे गेली ते सांगायची, कोणाच्या पोरीचं लग्न कुठे जुळवावं ते सांगायची. दोन वर्षांपासून देवी येत नव्हती. पारूबाई आधी खचली आणि मग देवी गेली, की देवी गेली म्हणून पारूबाई खचली, यावर घरात दोन मतं होती. डॉक्टरांचं तिसरं होतं.

"म्हणजे तुम्हाला ती बरी व्हायला हवीय," डॉक्टर म्हणाले, "की झटके परत यायला हवेत?"

"येकच न्हवं का ते?" धोंडाबाई म्हणाली.

डॉक्टरांनी पारूबाईकडे पाहिलं. "मावशी, तुम्हाला काय हवंय?"

"झोप," ती म्हणाली. "आन् सकाळी उठावंसं वाटाया पायजे."

डॉक्टर शास्त्राने चालणारा माणूस होता. संबळ वाजल्यावरच येणारा, तासभर चालणारा, प्रश्नांची उत्तरं देणारा, चुलीत कधी न पाडणारा झटका म्हणजे फिट नव्हे, एवढं त्यांना कळत होतं. तरी त्यांनी पुण्याला पाठवून डोक्याला तारा लावून ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, काढून घेतला. तो नॉर्मल निघाला. अर्थात नॉर्मल ईईजीने फिट नसतेच असं सिद्ध होत नाही, हेही त्यांना कळत होतं. म्हणून त्यांनी चालू गोळ्यांतली फिटचा धोका वाढवणारी एक बंद केली, ऑक्सिजनचा सिलिंडर खुर्चीशेजारी आणून ठेवला, आणि तिघांना बसवून सांगितलं: धोका फार थोडा आहे, पण आहे. मशीनवर खरा झटका आला तर हे उपचार बंद. मग गोळ्यांशिवाय एकच वाट उरते, शॉकची.

"म्हंजी," नथू म्हणाला, "हितं झटका आला तर बंद करनार. आन् बंद केलं की तितं झटका आनाया पाठवनार."

"तसंच," डॉक्टर म्हणाले. सांगताना ते त्यांना कधी इतकं विचित्र वाटलं नव्हतं.

"तितं मी जायची न्हाई," पारूबाई म्हणाली. "त्यापरीस इहीर बरी."

खाली हार्डवेअरवाला पत्रा कापत होता.

मग वारांचा प्रश्न आला. ज्ञानदाने सोमवार ते शुक्रवार, सकाळची वेळ लिहायला घेतली.

"मंगळवार-शुक्रवार जमायचं न्हाई," धोंडाबाई म्हणाली. "देवीचा वार. त्या दिशी झाडाच्या डोस्क्याला परका हात लावत न्हाईत."

"पण देवी येत नाहीये ना?"

"ती न्हाई आली म्हून आपन बी सोडायचं व्हय?"

ज्ञानदाने ते दोन वार खोडले. गुरुवारी पुण्याभोवतीच्या कारखान्यांना सुट्टी आणि पिरंगुटची वीज दिवसभर गायब. मशीन इन्व्हर्टरवर चालत नसे. शनिवारी डॉक्टर कोथरूडला बसत. उरले सोमवार आणि बुधवार.

"आठवड्याला दोन बैठकांनी काही होणार नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांना वाटलं, शेतीतलं उदाहरण द्यावं. "आता बघा, भाताला पाणी रोज लागतं ना? आठवड्यातून दोनदा दिलं तर?"

"आमचं भात पावसाचं हाय," नथू म्हणाला. "त्यो दील तवा."

शेवटी तडजोड झाली. गुरुवारी हार्डवेअरवाल्याचा जनरेटर, शनिवारी डॉक्टरांनी कोथरूड दुपारनंतर. सोमवार, बुधवार, गुरुवार, शनिवार. नियमात न बसणारं वेळापत्रक ज्ञानदाने भिंतीवर लावलं. डॉक्टर ते वाचायचं टाळत.

पहिल्या दिवशी डोक्याजवळचा धातू काढायचा होता. बुगड्या निघाल्या, केसातले आकडे निघाले. नाकातल्या चमकीचं मळसूत्र लग्नापासून गंजलेलं होतं. ज्ञानदाने खोबरेल तेल सोडून ते अर्ध्या तासात फिरवलं. मंगळसूत्रावर धोंडाबाई अडली. गळा रिकामा ठेवायचा नाही. मग तिने स्वतःच कनवटीतून हळकुंड काढलं, पिवळ्या दोऱ्यात बांधलं आणि सुनेच्या गळ्यात घातलं. डॉक्टरांनी कॉइल हळकुंडाजवळ नेऊन पाहिली. हळकुंडाला चुंबकाचं काही नव्हतं.

मग कानात बोळे घालून मात्रा ठरवायची. प्रत्येकाचा मेंदू वेगळ्या जोराला जागा होतो. त्यासाठी कॉइल आधी डोक्यावर जरा मागे, हाताची हालचाल करणाऱ्या भागावर ठेवतात आणि एकेक ठोका देतात. उजव्या हाताचा अंगठा आपोआप उडेल एवढा कमीत कमी जोर शोधायचा. डॉक्टरांनी जोर वाढवत नेला. टक. काही नाही. टक. काही नाही. टक.

अंगठा उडाला.

धोंडाबाई उभी राहिली. "आली!"

"आजी, तो मशीनने उडाला," ज्ञानदा म्हणाली.

"मंग संबळानं काय निराळं व्हतं?"

"बसा, आजी."

"तुमी कसलं बसा म्हनता? माझी सून दोन साल बोट हालवत न्हाई, आन् तुमी येका टाळीत हालवलं." तिने डॉक्टरांकडे नव्या नजरेने पाहिलं. ती नजर डॉक्टरांना आवडली, आणि आवडली म्हणून खटकली.

कॉइल पाच सेंटिमीटर पुढे सरकली आणि उपचार सुरू झाले. चार सेकंद टकटकटकटक, सुतारपक्षी बसल्यासारखं, मग जवळजवळ अर्धा मिनिट शांतता, पुन्हा टकटकटकटक. पारूबाई समोरच्या औषध कंपनीच्या कॅलेंडरकडे बघत राहायची. त्याच्यावर हिमालय होता. पहिल्या आठवड्यात तिचं कपाळ दुखलं, तेवढंच. दुसऱ्या आठवड्यात एकदा तिने ज्ञानदाला विचारलं, "ह्यो डोंगर कुटला?" ज्ञानदाने आनंदाने डॉक्टरांना बोलावलं, पण तोवर पारूबाई पुन्हा गप्प झाली होती.

नथूला मशीनचा भरवसा वाटेना. वाडीतून सकाळची एस.टी. धरायची, बायकोला आणि आईला आणायचं, मजुरी बुडवायची, आणि समोर काय तर टकटक. त्यात चार वारांपैकी एक वार कधी आईच्या एकादशीत जायचा, कधी एस.टी. चुकल्यात. ज्या आठवड्यात चार बैठका ठरल्या त्या आठवड्यात तीनच झाल्या. डॉक्टरांनी नथूला बाहेर बोलावून सांगितलं की हे असंच चाललं तर महिन्याने आपण थांबू; अर्ध्यामुर्ध्या उपचाराने काही होत नाही आणि मग लोक म्हणतात मशीन बोगस. नथू म्हणाला, "मंग शाक?" डॉक्टर म्हणाले, "मग तोच." दार उघडं होतं. पारूबाई खुर्चीत होती आणि ज्ञानदाने तिच्या कानात अजून बोळे घातले नव्हते.

त्याच बैठकीत, साधारण मध्यावर, ते झालं.

टकटकटकटक थांबलं आणि शांततेत पारूबाईची मान डोलू लागली. आधी थोडी, मग गोल. हात थरथरले. हळकुंड गळ्यावर उडायला लागलं. ज्ञानदाने लाल बटण दाबून मशीन बंद केलं, कॉइल बाजूला ओढली आणि "सर!" म्हणून ओरडली. मशीन बंद झालं तरी मान डोलतच होती.

डॉक्टर पळत आले. त्यांच्या हातात फिट थांबवायचं इंजेक्शन होतं. ही फिट असेल तर सगळं संपलं: मशीन बंद, पारूबाईला पुन्हा कधीच लावता येणार नाही, आणि शॉकऐवजी ती काय निवडणार हे तिने सांगून ठेवलं होतं. फिट नसेल तर एकच गोष्ट उरत होती. इतकी वर्षं अंधश्रद्धेवर शाळाशाळांतून भाषणं देणारे डॉ. अमोघ केतकर हातात सिरिंज घेऊन मनातल्या मनात म्हणत होते, देवी असू दे, देवी असू दे.

"डोळे उघडे आहेत," ज्ञानदा म्हणाली. "दोन्ही बाजू सारख्या हलतायत."

"पारूबाई!" डॉक्टर ओरडले. "ऐकू येतंय का? पारूबाई!"

"पारू न्हाई हितं," खुर्चीतून आवाज आला. भारदस्त, पारूबाईच्या दीडपट.

डॉक्टरांनी सिरिंज खाली केली. अंगभर फिट आलेला माणूस उत्तर देत नाही. "बोलली," ते म्हणाले. "ज्ञानदा, बोलली! थँक गॉड."

"त्या द्येवाशीच बोलतुया की आपन," धोंडाबाई म्हणाली. ती केव्हाच जमिनीवर होती आणि कनवटीतलं कुंकू खुर्चीच्या पायांना लावत होती. नथू भिंतीला चिकटून हात जोडून उभा होता.

पण शास्त्र म्हणजे शास्त्र. काही फिटमध्ये माणूस अर्धवट बोलतोही. खात्री करायला हवी. डॉक्टर खुर्चीपुढे वाकले. "आज वार कुठला?"

नथूने डोळे मिटून घेतले. देवीला म्हशी विचारतात, सोयरिकी विचारतात. वार विचारणारा माणूस त्याने पाहिला नव्हता.

"बुधवार," देवी म्हणाली. "का रं? तुला ठावं न्हाई?"

"आपण कुठे आहोत?"

"पिरंगुटात. लोखंडवाल्याच्या डोस्क्यावर."

"मी कोण?"

"त्ये तुझं तू बघ."

"वेळ, स्थळ बरोबर," डॉक्टरांनी ज्ञानदाला सांगितलं. "लिहा. शंभरातून सात गेले किती?"

"आरं ये, मुडद्या," देवी म्हणाली, "शाळा घेतोस व्हय माजी?"

"डाक्टर, आवरा," धोंडाबाई खालून म्हणाली. "कोप व्हईल. काय मागायचं त्ये मागा, न्हाईतर जाऊ द्या तिला."

डॉक्टरांना मागायचं काही सुचेना. देवीकडे मागण्याचा त्यांना सराव नव्हता. ज्ञानदा मात्र भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बघत होती. तिने ओढणी डोक्यावर घेतली, आणि नंतर असं का केलं हे तिला सांगता आलं नाही.

"आई," ती म्हणाली, "मंगळवारी आणि शुक्रवारी हिच्या डोक्याला हात लावला तर चालेल का?"

मान डोलायची थांबली. पारूबाईचे डोळे क्षणभर ज्ञानदावर स्थिरावले आणि पुढे गेले.

"झाड माजं हाय," देवी म्हणाली. "वाळाया लागलंय, आन् तुमी वार मोजत बसलाय? रोज आना. आन् नथ्या, एस.टी. चुकवशील तर बग."

मग पारूबाईने मोठा श्वास सोडला, खुर्चीत मागे टेकली आणि पाणी मागितलं. नथूने ते स्वतः आणलं.

डॉक्टरांनी त्या दिवशी उरलेली बैठक घेतली नाही. तास दोन तास तिला पडून राहू दिलं, आणि पुण्यातल्या मेंदूविकारतज्ज्ञ मित्राला फोन लावला. मित्राने सगळं ऐकून घेतलं.

"जीभ चावली?"

"नाही."

"लघवी?"

"नाही."

"नंतर गुंगी, गोंधळ?"

"तिला नाही."

"काय बोलली?"

"अपॉइंटमेंट बदलून घेतली."

"फिट वाटत नाही," मित्र म्हणाला. "ईईजी पुन्हा काढ, मात्रा पुन्हा मोज, आणि पुढच्या बैठकांना स्वतः उभा राहा. आणि अमोघ, हे कॉन्फरन्समध्ये सांगू नकोस."

दुसरा ईईजीही नॉर्मल निघाला. सोमवारपासून रोजच्या बैठका सुरू झाल्या, मंगळवार-शुक्रवार धरून. नथूने एस.टी. चुकवली नाही. देवीचा हुकूम होता, आणि तो मोडायची त्याची छाती नव्हती. डॉक्टरांचा तर त्याने कितीदा मोडला होता.

एका शुक्रवारी चमकीला तेल लावताना ज्ञानदाने हळूच विचारलं, "मावशी, त्या दिवशी तुम्हाला सगळं आठवतं का हो?"

"कुटल्या दिशी?" पारूबाई म्हणाली. आणि मग, "खोबरेल संपत आलंय तुमचं."

चौथ्या आठवड्यात पारूबाई पहाटे उठायच्या ऐवजी झोपून राहिली आणि धोंडाबाई घाबरून तिला हलवायला गेली तेव्हा कळलं, ती फक्त झोपली होती. पाचव्यात ती भाकरी मागून खाऊ लागली. सहाव्यात तिने नथूला चारचौघांत शिवी दिली. नैराश्य मोजायच्या डॉक्टरांच्या मोजपट्टीवर तिचे गुण निम्म्याहून खाली आले. त्या मोजपट्टीवर शिवीचा रकाना नव्हता, पण ज्ञानदाने तीही तोंडी कळवली.

दरम्यान वाडीवाडीत बातमी गेली होती की पिरंगुटात लोखंडवाल्याच्या वर देवी आणायचं मशीन आहे. भरे गावापासून डोंगरावरच्या वाड्यांपर्यंतची माणसं येऊ लागली. अंगात येत होतं आणि बंद पडलं, कधी आलंच नाही पण यावं असं वाटतं, शेजारणीच्या येतं ते काढून आपल्यात घालता येईल का. ज्ञानदा प्रत्येकाला गोळ्या, धातू, झटके असं सगळं रीतसर विचारी. एकही पात्र ठरला नाही. दाढीवाला एक भगत तेवढा "झटके येतात का?" याला "रोज, दोन वेळा" असं उत्तर देऊन अभिमानाने बसला होता, त्याला नाही म्हटल्यावर तो भांडला.

नवरात्र संपल्यावर तिघं तपासणीला आले. पारूबाई भरली होती, चमकी पुन्हा नाकात होती. धोंडाबाई मात्र फुगलेली होती.

"नऊ दीस संबळ वाजला," ती म्हणाली. "न्हाई आली. आजारी व्हती तवा बी येत न्हवती, बरी झाली तरी येत न्हाई. मग बरी झाली कशी म्हनायची? काय केलं तुमी? झटके बंदच करून टाकले?"

डॉक्टर गोंधळले. या दवाखान्यात झटके आले नाहीत ही चांगली गोष्ट, इतकं त्यांना नक्की माहीत होतं. आता ते तितकं नक्की राहिलं नव्हतं. एका बुधवारी त्यांनी स्वतःच देवीच्या येण्याची वाट पाहिली होती.

"आय, न्हाई कशी?" पारूबाई म्हणाली. "आली व्हती की."

तिघंही तिच्याकडे वळले.

"सातव्या माळंला. दारापतूर आली व्हती. मी म्हनलं, आज न्हाई. भात कापाया आलंय, अंग मोडून येतंय. झोपू दे मला."

"देवीला?" नथूचा आवाज चिरकला. "देवीला परत लावलीस?"

"बोलले गोड."

"मंग? काय म्हनली ती?"

"झोप म्हनली."

डॉक्टर सावरून बसले. माणूस कोणाचा आवाज ऐकतो म्हणाला की तपासायचं असतं. भास असतील तर ते वेगळं दुखणं. पण सात महिन्यांपूर्वी हीच बाई या टेबलासमोर झोप मागत होती. "मावशी," त्यांनी जपून विचारलं, "तिचा आवाज तुम्हाला कानांनी ऐकू आला? का मनात?"

"तुमी बी लई इचारता, डाक्टर," पारूबाई म्हणाली. "मला सांगा, भात कापाया जाऊ का नगं? तेवढं इचाराया आले मी."

"जा," डॉक्टर म्हणाले.

"झालं तर," पारूबाई म्हणाली आणि उठली. ती जिन्यावरून एकटी खाली उतरली, आणि धोंडाबाई तिच्या मागे धावली नाही. ती डॉक्टरांसमोर तशीच बसून होती, आपण तक्रार करायला आलो होतो की आभार मानायला, हे आठवायचा प्रयत्न करत. डॉक्टरही तेच आठवत होते.